आईंच्या निधनाची वार्ता उशिरा कळल्यावर मित्राला लिहिलेले पत्र

नागपूर
१८ जानेवारी २०२५

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

काल एका लग्नात आपला दिलीप भेटला आणि बोलता बोलता त्याच्याकडून कळले की आई श्रावणातच गेल्या. मी तिथेच खुर्चीवर बसून राहिलो. पाच महिने झाले आणि मला त्याचा पत्ताही नव्हता, याचे फार वाईट वाटते. त्याहून अधिक सलते ते हे की लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी तुला दिवाळीच्या शुभेच्छांचा संदेश पाठवला होता. आईंच्या माघारी तुमच्या घरातली ती पहिलीच दिवाळी होती. तू नुसते 'धन्यवाद' असे उत्तर दिलेस, आणि मीही पुढे काही विचारले नाही. अजाणतेपणी झालेल्या या चुकीबद्दल मनापासून क्षमा मागतो.

पुण्याच्या वसतिगृहात आपण एका खोलीत राहत होतो, तेव्हा वाईहून सकाळच्या एस.टी.ने तुझा डबा यायचा. माझे घर इतके दूर की तिथून डबा येणे शक्यच नव्हते, हे आईंना कळले आणि पुढच्याच आठवड्यापासून बाजरीच्या भाकऱ्यांच्या दोन चवडी येऊ लागल्या. पिशवीवर लाल दोऱ्याने तुझे नाव आधीच शिवलेले होते. त्याखाली त्यांनी माझेही शिवले. दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये म्हणून आपण धुतलेल्या डब्यात चिमूटभर साखर टाकून तो संध्याकाळच्या गाडीने पाठवत असू. माझ्या लग्नात त्यांनी मला सांगितले होते, "ती साखर मी देवापुढे ठेवायचे रे." हे तुला ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

शेवटचे दिवस त्यांना फार जड गेले आणि तू रजा काढून त्यांच्या उशाशी होतास, असे दिलीप म्हणाला. आता भेटायला येणाऱ्यांची रीघ ओसरली असेल, घर शांत झाले असेल, आणि अशाच वेळी एखादे पातेले किंवा दाराआडची पिशवी पाहून गलबलून येत असेल. मला मध्यरात्रीसुद्धा कधीही फोन कर. वहिनींना आणि मुलांना माझा निरोप सांग. अण्णांना वेगळे पत्र लिहितो आहे, ते त्यांना वाचून दाखव.

आईंच्या आत्म्यास सद्गती लाभो, अशी प्रार्थना करतो.

१ फेब्रुवारीला, शनिवारी, मी पुण्याला पोहोचतो आहे. तिथून स्वारगेटहून एस.टी. पकडून दुपारपर्यंत वाईला येईन. स्टँडवर घ्यायला येण्याची तसदी घेऊ नकोस, घर मला ठाऊक आहे. मुक्काम करीन, अण्णांजवळ बसायचे आहे.

तुझा,
विनायक