गणपतीच्या रजेबाबत पुन्हा एकदा

विषय: रजा, 26 ऑगस्ट ते 3 सप्टेंबर (24 जुलैच्या मेलसंदर्भात)

मंगळवार, 5 ऑगस्ट 2025

नेहा मॅडम,
नमस्कार.

गणपतीच्या रजेसाठी मी 24 जुलैला मेल केला होता, पोर्टलवरही अर्ज टाकला होता. तो अजून मंजुरीसाठी थांबलेला दिसतोय. मधले दिवस जुलैच्या क्लोजिंगचे आणि ऑडिटरच्या प्रश्नांचे होते, त्या गडबडीत मेल राहून गेला असावा, म्हणून आठवण करतोय. जुना मेल शोधावा लागू नये म्हणून थोडक्यात इथेच लिहितो.

रजा मंगळवार 26 ऑगस्टपासून बुधवार 3 सप्टेंबरपर्यंत हवी आहे. 27 ला चतुर्थीची सुट्टी आणि मध्ये शनिवार-रविवार, त्यामुळे रजेचे सहाच दिवस लागतील. गुरुवारी 4 तारखेला कामावर हजर असेन.

एरवी मी दीड दिवसाचा गणपती करून परततो, हे तुम्हाला माहीत आहे. पण कुडाळच्या आमच्या घरचा गणपती चुलत भावांमध्ये पाळीने असतो आणि यंदाची पाळी आमची. 2 तारखेला गौरींबरोबर विसर्जन झाल्याशिवाय मला निघता येणार नाही.

कामाचं म्हणाल तर जुलैचा जीएसटीआर-3बी 20 ऑगस्टला, म्हणजे मी निघण्याआधीच भरून होईल. ऑगस्टच्या टीडीएसची मुदत 7 सप्टेंबर, पण त्या दिवशी रविवार आहे, म्हणून तो शुक्रवारी 5 तारखेलाच भरू. तोवर मी आलेलो असेन. जीएसटीआर-1 ला 11 पर्यंत वेळ आहे.

अडतं ते फक्त 29 ऑगस्टच्या व्हेंडर पेमेंटपाशी. प्रियांका ते करायला तयार आहे. 22 तारखेला तिच्याबरोबर बसून यादी आणि अडकलेली बिलं समजावून देईन. मात्र बँकेच्या पोर्टलवर तिला मेकरचा अ‍ॅक्सेस लागेल आणि त्यासाठी तुमची मंजुरी हवी. बँकेकडून तो सुरू व्हायला काही दिवस जातात, माझी खरी घाई त्यासाठी आहे.

सहा दिवस जास्त वाटत असतील तर 3 तारीख सोडतो. रात्रीच्या गाडीने निघून सकाळी थेट ऑफिसला येईन, फार तर थोडा उशीर होईल.

शुक्रवारी, 8 तारखेपर्यंत कळवता आलं तर बरं होईल. गणपती स्पेशलचं तिकीट काढून ठेवलंय, पण तुमचा होकार आल्याशिवाय घरी काही पक्कं सांगितलेलं नाही. रजा जमणार नसेल तरी वेळेत कळलं तर पूजेची दुसरी सोय करता येईल. सविस्तर उत्तराची गरज नाही, पोर्टलवर मंजुरी दिलीत किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ टाकलीत तरी चालेल. बोलायचं असेल तर उद्या चारनंतर मी जागेवरच आहे.

आपला,
संदेश
अकाउंट्स विभाग