ऐकणाऱ्याच्या मनाची नोंद: सुपरव्हिजन प्रशिक्षण, सत्र तिसरे

सहभागी: महिला समुपदेशन केंद्रे आणि बालसंरक्षणाच्या कामातील १८ सुपरवायझर
वेळ: सकाळी १०.३० ते दुपारी १

मागच्या सत्रात तुमच्यापैकी एकीनं विचारलं होतं, "केस ऐकताना डोळ्यांत पाणी आलं, तर समुपदेशक म्हणून मी कच्ची का?" नाही. पाणी येण्यापेक्षा काहीच वाटेनासं होतं, त्याची मला जास्त काळजी वाटते. आजचं सत्र त्याविषयी आहे.

चर्चेसाठी केस (सरावासाठी रचलेली)

तालुक्याच्या केंद्रात सात वर्षं काम करणाऱ्या एक ताई. फाइली चोख, तारखांना कोर्टात वेळेवर हजर. गेल्या चार महिन्यांत त्यांच्याकडे लहान मुलींवरील अत्याचाराच्या सहा केस आल्या. आता त्या स्वतःच्या मुलीला रिक्षाकाकांबरोबर शाळेत पाठवत नाहीत. सख्ख्या दिराच्या मांडीवर मुलगी बसली की त्यांच्या पोटात गोळा येतो. एका केसमधला खोलीचा तपशील, निळा पडदा, भाजी चिरताना मध्येच डोळ्यांसमोर येतो. आणि परवा, नवऱ्यानं मारलं म्हणून आलेल्या एका बाईचं ऐकताना त्यांच्या मनात आलं, "एवढंच ना?" ते वाक्य मनात आलं याची त्यांना इतकी लाज वाटली की कुणाला सांगितलंच नाही.

पाच मिनिटं शेजारणीशी बोला: या ताईंना नेमकं काय काय झालं आहे?

शब्द नीट लावून घेऊ

रिक्षाकाका आणि दीर, म्हणजे जगाकडे बघायची नजरच बदलली. हा परोक्ष आघात, व्हायकेरियस ट्रॉमा. मॅक्कॅन आणि पर्लमन यांनी १९९० मध्ये ही संकल्पना मांडली. सुरक्षितता, विश्वास, स्वतःची आणि इतरांची किंमत, जवळीक, नियंत्रण या पाच बाबतींतल्या आपल्या धारणा दुसऱ्याचा आघात ऐकता ऐकता आतून हलतात, असं त्यांचं म्हणणं. हे एका दिवसात होत नाही, साठत जातं.

निळा पडदा हे दुय्यम आघाताचं लक्षण: घटना आपल्यावर घडलेली नाही, पण तिची चित्रं आपल्याला येतात.

"एवढंच ना?" हा करुणेचा थकवा, कम्पॅशन फटीग. हा शब्द १९९२ मध्ये परिचारिकांच्या संदर्भात वापरला गेला आणि पुढे चार्ल्स फिग्ले यांनी तो आघातग्रस्तांबरोबर काम करणाऱ्यांसाठी रुजवला. माया आटलेली नसते, ती पुरवून पुरवून कमी पडू लागलेली असते.

बर्नआउट याहून वेगळा. मानधन तीन महिने रखडणं, एकटीवर दोन टेबलांचं काम, रोजचे अहवाल, यातून तो येतो. आघाताची एकही केस न हाताळणाऱ्या कारकुनालाही तो येऊ शकतो. प्रत्यक्षात हे सगळं एकाच बाईत गुंतलेलं सापडतं. तरी फरक करायचा, कारण उपाय वेगळे आहेत. बर्नआउटला रजा आणि मनुष्यबळ लागतं. बदललेली नजर आठ दिवस माहेरी जाऊन परत येत नाही, तिच्यावर बोलावं लागतं.

"सवय होते हो" असं व्यवस्थापन म्हणालं तर हे सांगा: मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या २०१३ च्या डीएसएम-५ या पुस्तिकेत पीटीएसडीच्या, म्हणजे आघातानंतरच्या ताणविकाराच्या, निकषांत, कामाचा भाग म्हणून आघाताचे तपशील वारंवार समोर येणं हेही धरलेलं आहे. तिथलं एक उदाहरण बालशोषणाचे तपशील सतत ऐकाव्या लागणाऱ्या पोलिसांचं आहे. आपल्या समुपदेशक तेच तपशील ऐकतात, आणि पोलिसांपेक्षा जास्त वेळ ऐकतात.

स्व-नोंद पत्रक

दर शनिवारी, केंद्रातून निघण्याआधी, दहा मिनिटं. गेल्या सात दिवसांचा विचार करून प्रत्येक वाक्यापुढे आकडा लिहा. ० अजिबात नाही, १ एखाद्या वेळी, २ बऱ्याचदा, ३ जवळजवळ रोज. कुठल्याही केसचं नाव लिहू नका.

१. केसमधलं दृश्य किंवा वाक्य नको असताना मनात आलं.
२. केसशी संबंधित स्वप्न पडलं किंवा झोप मोडली.
३. घरच्यांच्या सुरक्षेची भीती पूर्वीपेक्षा जास्त वाटली.
४. ओळखीच्या, साध्या माणसांविषयीही संशय आला.
५. एखादी केस, फोन किंवा गृहभेट टाळावीशी वाटली.
६. समोरची व्यक्ती बोलत असताना मन सुन्न होतं किंवा "एवढंच ना" असं वाटलं.
७. केसवर किंवा घरच्यांवर नेहमीपेक्षा जास्त चिडले.
८. "आपल्या कामानं काही बदलत नाही" असं वाटलं.
९. घरी गेल्यावर कुणाशी बोलावंसं, कुणाजवळ बसावंसं वाटलं नाही.

बेरजेत न धरायच्या दोन ओळी: या आठवड्यात आघाताच्या किती केस ऐकल्या? कामातला एक तरी क्षण बरा वाटला का, कोणता?

ही दुसरी ओळ गाळू नका. कामातून मिळणारं समाधान हे थकव्याइतकंच खरं माप आहे. स्टॅम यांच्या ३० विधानांच्या प्रोक्यूओएल या प्रश्नावलीतही ते वेगळं मोजलं जातं.

आपलं पत्रक निदानाची चाचणी नाही. एकीची १२ बेरीज आणि दुसरीची १२ बेरीज यांची तुलना करायची नाही. पहिल्या चार आठवड्यांची सरासरी ही त्या ताईंची स्वतःची रेघ. बेरीज त्या रेघेच्या पाचने वर गेली, किंवा एकाच वाक्यापुढे सलग दोन आठवडे ३ आला, तर पुढच्या सुपरव्हिजनची वाट न बघता त्याच आठवड्यात बोलायचं. ही मर्यादा आपण कामाच्या सोयीसाठी ठरवली आहे. रेघच पहिल्यापासून उंच असेल, तर चार आठवडे थांबू नका.

झोपेसाठी दारू किंवा गोळ्या लागू लागल्या, जगणं नकोसं वाटलं, तर आकड्यांचा हिशेब बाजूला ठेवून त्याच दिवशी सुपरवायझरला सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो आपल्यासाठीही आहे.

सुपरवायझरनं काय करायचं

पत्रक समुपदेशकाच्या मालकीचं. तुम्ही ते गोळा करायचं नाही, फाइलला लावायचं नाही, करार नूतनीकरणाच्या वेळी तर त्याचा उल्लेखही नको. एकदा जरी तसं झालं, तर पुढच्या शनिवारपासून सगळीकडे शून्य येतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल. त्या सांगतील तेवढंच ऐकायचं.

सुरुवात अशी करता येईल: "ताई, पत्रक भरताना या वेळी कुठल्या वाक्यापाशी थांबलात?" "किती आले?" असं विचारू नका. त्यांच्या बालपणात काही घडलं होतं का, हे उकरू नका. सुपरव्हिजन म्हणजे थेरपी नव्हे. त्या आपण होऊन बोलल्या, तर ऐका आणि बाहेरच्या थेरपिस्टकडे जायला मदत करा.

मग केसवाटप बघा. वरच्या केसमधल्या ताईंना प्राणायाम शिकवून भागणार नाही, कारण चार महिन्यांत सहाही केस त्यांच्याकडेच गेल्या, "त्यांना चांगलं जमतं" म्हणून. चांगलं जमणारीवरच ओझं पडतं, आणि ते वाटप आपणच करतो. सातवी केस दुसरीकडे द्या. कठीण जबाबानंतर लगेच दुसरी भेट ठेवू नका, अर्धा तास मोकळा सोडा.

आपसात बोलण्याचीही शिस्त हवी. डबा खाताना अंगावर येणारे तपशील ओतायचे नाहीत. आधी सूचना द्यायची: "मला एक जड केस बोलायची आहे, आत्ता ऐकू शकाल का?" समोरची "आत्ता नको" म्हणाली, तर राग धरायचा नाही. आणि बोलताना आपल्याला काय झालं ते सांगायचं, निळा पडदा सांगायची गरज नसते.

सराव, ४० मिनिटं

तिघींचा गट: एक समुपदेशक, एक सुपरवायझर, एक निरीक्षक. वरच्या केसमधल्या ताई "एवढंच ना" हे पहिल्यांदाच सांगत आहेत. सुपरवायझरनं पहिली दोन मिनिटं सल्ला द्यायचा नाही. निरीक्षकानं फक्त एवढं टिपायचं की लाज कुठल्या वाक्यानंतर कमी झाली आणि कुठल्या वाक्यानंतर वाढली. मग भूमिका बदला. त्यानंतर प्रत्येकीनं स्वतःचं पत्रक भरायचं. ते कुणालाही दाखवायचं नाही, घडी घालून पर्समध्ये ठेवा.