चपलांचा रॅक कसा जोडायचा (आईसाठी, मोठ्या अक्षरात)

आई, खोक्यातला चित्रांचा कागद बाजूला ठेव, त्यातली चित्रं मलाही भिंगाशिवाय दिसली नाहीत. हाच कागद वापर. सकाळी उजेडात, चष्मा लावून, खुर्चीत बसून कर. जमिनीवर बसायचं नाही.

डायनिंग टेबलावर जुनी चादर पसर आणि सामान मोजून घे:
• उंच काळ्या चौकटी – २
• जाळीचे कप्पे – ४
• स्क्रू – १७ (लागतात १६, एक जादा)
• वाकडी छोटी चावी – १

चौकटींवर मी लाल पट्टी चिकटवली आहे. पट्टीचं टोक म्हणजे रॅकची वरची बाजू. कप्प्याची उभी वळवलेली कड मागे, म्हणजे भिंतीकडे येते.

१. रॅक टेबलावर पाठीवर झोपवूनच जोडायचा. एक चौकट तिच्या मागच्या कडेवर उभी कर. ती पडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी तांदळाचा आणि पिठाचा डबा लाव. डबे भरलेले हवेत.

२. सर्वात वरचा कप्पा घे. वळवलेली कड टेबलाला टेकली पाहिजे आणि तिचं तोंड लाल पट्टीकडे. कप्प्याचं भोक चौकटीच्या भोकासमोर आण.

३. स्क्रू बाहेरून घाल आणि आधी नुसत्या बोटांनी दोन-तीन वेढे फिरव. सहज फिरला तर बरोबर. अडला तर तिरका गेलाय, काढून पुन्हा घाल. जोर लावलास तर आटे झिजतात आणि मग तो कधीच बसत नाही.

४. सर्वात खालचा कप्पा तसाच लाव, मग मधले दोन. या बाजूला आठ स्क्रू झाले. अजून एकही घट्ट करू नकोस. आत्ता घट्ट केलेस तर दुसऱ्या बाजूची भोकं जुळणार नाहीत.

५. दुसरी चौकट समोरून लाव. पट्टी पहिलीच्याच दिशेला आहे ना, बघ. उरलेले आठ स्क्रू बोटांनी.

६. आता चावी. आखूड टोक स्क्रूच्या खड्ड्यात, लांब टोक हातात. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरव. हाताला अडलं की थांब. बोटं दुखली तर उरलेलं चहानंतर. घाई कसली आहे?

७. रॅक टेबलावरून एकटीने उतरवायचा नाही. हलका आहे, पण समोरचं दिसत नाही. चारला कामाच्या मावशी येतील, दोघी मिळून उतरवा.

दारामागे ठेवू नकोस, दार पूर्ण उघडणार नाही. मीटरच्या खाली, भिंतीला टेकवून. डुगडुगला तर खालच्या कप्प्याचे स्क्रू सैल करून, चारही पाय जमिनीला टेकवून पुन्हा आवळ. बाबांचे जड बूट खालीच.

चावी आणि जादा स्क्रू शिवणाच्या डब्यात टाक. महिन्याभराने स्क्रू थोडे ढिले होतात, तेव्हा लागेल. कुठे अडलीस तर आहे तसं ठेव आणि व्हिडिओ कॉल कर, दुपारी एक ते दोन मी मोकळी असते.