खिडकीची डास जाळी, वेल्क्रोवाली, तुमच्या मापात शिवून (फायबरग्लास, काळी / राखाडी)

परत येणाऱ्या दहातल्या आठ जाळ्या मापातच चुकलेल्या असतात, म्हणून आधी हे वाचा आणि मगच ऑर्डर टाका. बरेच जण काचेचं माप देतात नाहीतर ग्रिलचं, ते नकोय. खिडकीच्या आतल्या बाजूने, चौकटीच्या आतल्या कडेपासून समोरच्या आतल्या कडेपर्यंत, म्हणजे जिथून हवा (आणि डास) आत येते तेवढी मोकळी जागा मोजायची. रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीनदा घ्या, उंची पण तीनदा, कारण आपल्याकडच्या बिल्डिंगमधल्या चौकटी काटकोनात असतीलच असं नाही. तिन्हीतलं मोठं माप घ्यायचं. समजा रुंदी ४६, ४६.५, ४६ आली आणि उंची ४७, तर आम्हाला ४६.५ × ४७ इंच एवढंच कळवा, चारी बाजूंना चिकटवायला १-१ इंच आम्ही धरतो आणि जाळी ४८.५ × ४९ ची शिवतो. तुम्ही पण वाढवलं की जाळी ढगळी होते आणि मग झोळ येतो. स्टीलचा मेजरिंग टेप वापरा, शिवणकामाचा ताणला जातो.

आणि एक बघा, चौकटीला चारी बाजूंना निदान १ इंच सपाट पट्टी हवी. कडी, हँडल मध्ये येत असेल तर फोटो पाठवा.

विण: साधी १८ × १६, म्हणजे एका इंचात एकीकडे १८ आणि दुसरीकडे १६ धागे, डासांना पुरते आणि हवा छान येते. चिलटांचा त्रास असेल तर २० × २० घ्या पण हवा थोडी कमी होईल, हे आधीच सांगतो. रंगात काळी घ्या, बाहेरचं नीट दिसतं, पांढरी उजेडात चमकते म्हणून आम्ही ठेवतच नाही. फायबरग्लास गंजत नाही, पण मांजराच्या नखांपुढे टिकेल असं समजू नका.

लावायची कशी: ॲल्युमिनियम, ग्रॅनाइट, ऑइल पेंटचं लाकूड यावर वेल्क्रो मस्त बसतो. डिस्टेंपरच्या भिंतीवर नाही, रंगासकट सुटून हातात येतो. चौकट ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, पावसाळ्यात तर आधी पंखा लावून ठेवा. पट्टी थोडी थोडी कागद सोलत चिकटवा, प्रत्येक ठिकाणी अंगठ्याने जोर लावून दाबा आणि २४ तास जाळी अडकवूच नका, इथेच सगळ्यांची घाई होते. मग वरच्या कोपऱ्यापासून सुरू करून वरची बाजू आधी, नंतर दोन्ही बाजू, शेवटी खालची, आणि ओढायची नाही.

धुवायला काढून साबणाच्या पाण्यात बुडवा, मशीनमध्ये नको, पिळू नका.

४ × ४ फुटापर्यंत ४२० रुपये, वेल्क्रोसकट. २० × २० ला ६० जास्त. मापात शिवलेली असल्याने परत घेत नाही, पण शिवण आमच्याकडून चुकली असेल तर नवीन देतो. पाठवायला ४ दिवस लागतात.