विषय: रबाळ्याच्या बॉक्स व्हेंडरची ड्यू डिलिजन्स प्रश्नावली – मुख्य मुद्दे आणि माझी शिफारस

मॅडम,

नमस्कार.

रबाळे एमआयडीसीतल्या कोरुगेटेड बॉक्स व्हेंडरने भरून दिलेली प्रश्नावली, त्यांची कागदपत्रं आणि आमच्या गेल्या गुरुवारच्या फॅक्टरी भेटीची टिपणं सोबत जोडली आहेत. सगळी मिळून ६८ पानं आहेत. बुधवारच्या मीटिंगआधी एवढं वाचून होणार नाही, म्हणून निर्णयाला लागेल तेवढंच इथे लिहितो.

माझं मत असं की व्हेंडर घ्यावा, पण सध्या दुसरा सोर्स म्हणून आणि सहा महिन्यांच्या ट्रायलवर. मात्र पीएफचा घोळ मिटल्याशिवाय पहिली पीओ काढू नये.

घोळ असा आहे. प्रश्नावलीत कामगार ५८ लिहिलेत. जूनच्या ईसीआरमध्ये नावं २३. बाकीचे लेबर कॉन्ट्रॅक्टरचे, असं मालकांचं म्हणणं. त्या कॉन्ट्रॅक्टरचा ईसीआर मागवला, तर त्यात १४. म्हणजे २१ माणसं कुठेच नाहीत. "त्यांचा पगार १५,०००च्या वर आहे, पीएफ लागत नाही," असं त्यांचे अकाउंटंट म्हणाले. तशी सूट आहे, पण ज्याचा बेसिक आणि डीए मिळून रुजू होतानाच १५,०००च्या वर होता आणि ज्याचं आधी पीएफ खातं नव्हतं, त्यालाच. स्टिचिंगवरचे आणि गठ्ठे बांधणारे हेल्पर सगळेच्या सगळे त्यात बसतील, हे मला पटत नाही. या २१ जणांचे फॉर्म ११, रुजू झाल्याच्या तारखा आणि तीन महिन्यांची पगारपत्रकं मागितली आहेत. त्यांचा दर सध्याच्या व्हेंडरपेक्षा ७ टक्के कमी आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ती बचत जर पीएफ न भरण्यातून येत असेल, तर हा दर वर्षभरही टिकायचा नाही.

दुसरा मुद्दा प्रिंटिंगचा. "सर्व प्रक्रिया स्वतःच्या जागेत होतात का?" याला त्यांनी "हो" लिहिलंय. शेडमध्ये कॉरुगेशन, पेस्टिंग, स्टिचिंग सगळं पाहिलं, प्रिंटिंग मशीन मात्र दिसेना. विचारल्यावर कळलं, दोन रंगांचं काम भिवंडीला जॉबवर्कला जातं. जॉबवर्क करून घेण्यात गैर काही नाही, आपला सध्याचा व्हेंडरही करतो. पण मग "हो" का लिहिलं? शिवाय पावसाळ्यात शीट टेम्पोने भिवंडीला जाऊन परत येणार. बोर्डाने ओल धरली की बॉक्सची ताकद उतरते आणि पॅलेटवरचा खालचा थर बसतो. त्यामुळे जॉबवर्करचं नाव लेखी घ्यावं आणि तिथे आमची एक भेट व्हावी. बर्स्टिंग आणि कम्प्रेशनचे रिपोर्टही त्यांच्या स्वतःच्या लॅबचे आहेत; पहिल्या लॉटचे नमुने एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबमध्ये पाठवू, खर्च त्यांनी करावा.

फायरच्या प्रश्नाला मात्र त्यांनी सरळ "नाही" लिहिलं. जानेवारीचा फॉर्म बी राहिला आहे. अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा हा दाखला जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा द्यावा लागतो. कागदाच्या रिळांनी भरलेल्या शेडमध्ये तो नसणं मला अजिबात मान्य नाही. पण त्यांनी झाकलं नाही आणि लायसन्सधारक एजन्सीचं कोटेशनही जोडलं आहे. जुलैचा दाखला आला की हा मुद्दा बंद करू.

जीएसटी रिटर्न, बँक खात्याची पडताळणी आणि एमपीसीबीचा कन्सेंट यांत काही अडचण नाही. हितसंबंधांचा रकाना कोरा सोडलाय. आपल्या स्टोअर्स किंवा पर्चेसमध्ये कोणी नातेवाईक नसल्याचं सहीनिशी पत्र मागवलं आहे.

एक मुद्दा त्यांचा नाही, आपला आहे. उद्यम नोंदणीप्रमाणे ते लघु उद्योग आहेत आणि आपल्या पीओच्या नमुन्यात पेमेंट ६० दिवसांचं आहे. एमएसएमईडी कायद्याप्रमाणे करार काहीही असला तरी ४५ दिवसांपुढे जाता येत नाही. गेलो तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय मुदत उलटून मार्चअखेर थकलेली रक्कम आयकरात त्या वर्षीचा खर्च धरता येत नाही. या व्हेंडरपुरती अट ४५ दिवसांची करावी लागेल. असे आणखी किती व्हेंडर आपल्या यादीत आहेत, ते मी वेगळं काढतोय.

अटींच्या पत्राचा मसुदा तयार आहे. तुमचा होकार आला की उद्याच पाठवतो. पेमेंटच्या दिवसांबद्दल फायनान्सशी तुम्ही बोललात तर बरं, माझ्या मेलला तिकडून उत्तर यायला आठवडा लागतो.

आपला,
स्वप्नील
व्हेंडर असेसमेंट, महापे ऑफिस

सोबत: भरलेली प्रश्नावली, कागदपत्रांचा संच, फॅक्टरी भेटीची टिपणं, अटींच्या पत्राचा मसुदा