फोटोत पुरावा शोधा! पाच कोडी, कारणांसकट उत्तरं

नमस्कार मंडळी, ही कोडी आमच्या नववी-ब च्या फोटो ग्रुपने बनवलीयेत, फोटो सगळे आमचेच, म्हणजे कोणी गच्चीत काढला, कोणी सहलीत, एक तर आमच्या शाळेच्या जुन्या अल्बममधून मिळाला. नियम एकच आहे: नुसतं उत्तर चालणार नाही, ते फोटोत कशावरून कळलं ते सांगायचं. प्रत्येक कोड्याला पाच मार्क, त्यातले दोन उत्तराला आणि तीन कारणाला. उत्तरं पुढे आहेत, पण आधी वहीत लिहा आणि मगच बघा, प्लीज, नाहीतर सगळी मजा जाते.

फोटो १. एसटी स्टँड

लाल एसटी समोरून येतेय. पाटी आणि नंबरप्लेट आम्ही मुद्दाम कापून टाकल्यात. ड्रायव्हर तुमच्या उजव्या हाताला दिसतोय आणि चढायचं दार तुमच्या डाव्या हाताला. पुढे एक मोटरसायकल आपल्याकडे तोंड करून साइड स्टँडवर उभी आहे, ती तुमच्या डावीकडे कललीये. बाजूला एक काका, शर्टाला एकच खिसा, तोही तुमच्या डावीकडे. हा फोटो छापताना एक गडबड झालीये. कुठली?

फोटो २. मोसंब्यांचा ढीग

हातगाडीवर मोसंबी रचलीयेत, समोरून बघितलं की त्रिकोण दिसतो. सगळ्यात खालच्या ओळीत सहा मोसंबी. टोकाचं एक मोसंबं गिऱ्हाइकाने उचललंय, त्यामुळे वरच्या थरात चार मोसंबी चौकोनात बसलेली स्पष्ट दिसतात. ढीग आतून भरीव आहे, पेटी-पेंढा काही नाही. आत्ता ढिगात एकूण मोसंबी किती?

फोटो ३. कडुनिंब आणि खिळा

इथे दोन फोटो आहेत, २००६ चा आणि यंदाचा. शाळेच्या दगडी भिंतीला लागून असलेलं तेच कडुनिंबाचं झाड, खोडात तोच खिळा, आणि शेजारी तीच व्यक्ती. २००६ मध्ये ती पाचवीत होती आणि खिळा तिच्या हनुवटीला येत होता, आता ती मोठी झालीये आणि खिळा छातीशी येतोय. तेव्हा झाड साधारण बारा फूट होतं, आता तिप्पट तरी असेल. खिळा जमिनीपासून तेव्हा चार फुटांवर होता. आता किती फुटांवर?

फोटो ४. गुहागरचा चंद्र

गुहागरच्या किनाऱ्यावरून काढलेला फोटो. खाली समुद्र, आकाश केशरी, वर बारीकशी चंद्रकोर, होडीसारखी आडवी, उजेडाची बाजू समुद्राकडे. फोटो काढणाऱ्याने आपलाच हात लांब करून मूठ फ्रेममध्ये धरलीये, मुठीची खालची कड क्षितिजावर टेकलीये आणि मुठीच्या वर आणखी एक मूठ मावेल एवढ्या अंतरावर चंद्र आहे. पहाट की संध्याकाळ? पक्ष कुठला? आणि तिथी साधारण कुठली?

फोटो ५. सावली कुठे गेली?

पुण्यातली गच्ची. दोन फुटांचा पीव्हीसी पाइप सरळ उभा आहे आणि त्याला सावलीच नाही, ऊन मात्र कडक आहे. बाजूला मोबाइल ठेवलाय, त्यावर १२:३१ वाजलेत. कोपऱ्यात साडीवर कुरडया वाळतायत. महिना कुठला? आणि बाराला नाही तर १२:३१ लाच का?

थांबा, इथेच पेन्सिल घ्या. खाली उत्तरं सुरू होतात.

उत्तर १: फोटो उलटा छापलाय, आरशात दिसतो तसा.

बहुतेक जण इथे डावं-उजवं यातच अडकतात, आम्हीपण अडकलो होतो, म्हणून हळूहळू जाऊ. आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, मग फुटपाथ बसच्या डावीकडे येतो, म्हणून दार बसच्या डावीकडे आणि ड्रायव्हर उजवीकडे. पण बस आपल्याकडे तोंड करून येतेय ना, तर तिची डावी बाजू ही आपली उजवी झाली. म्हणजे खऱ्या फोटोत दार आपल्या उजवीकडे दिसायला हवं होतं. इथे ते डावीकडे आहे, म्हणजे उलट.

आता हे एकच कारण धरून बसू नका, दुसऱ्या कशाने पटतंय का बघा. मोटरसायकलचा साइड स्टँड गाडीच्या डाव्या बाजूला असतो आणि गाडी त्याच बाजूला कलते, समोरून बघताना ती आपल्या उजवीकडे कललेली दिसायला हवी, इथे डावीकडे कललीये. परत उलट. शर्टाचा एकटा खिसा घालणाऱ्याच्या डाव्या छातीवर असतो, म्हणजे तोही आपल्या उजवीकडे यायला हवा होता. खिशाचं कारण जरा कच्चं आहे बरं का, कारण टेलर कोणाच्या सांगण्यावरून तो कुठेही शिवू शकतो. बसचं पक्कं आहे. फक्त खिसा लिहिला असेल तर एकच मार्क घ्या.

उत्तर २: ९० मोसंबी.

आधी तळ कसा आहे ते ठरवायचं, कारण समोरून त्रिकोण दोन्ही प्रकारच्या ढिगात दिसतो, चौकोनी तळाच्याही आणि तिकोनी तळाच्याही. उचललेल्या मोसंब्याने इथे मदत केली. टोकाच्या खाली चार मोसंबी चौकोनात आहेत, तिकोनी ढीग असता तर तीनच असती. म्हणजे तळ चौकोनी, प्रत्येक मोसंबं खालच्या चारांच्या मधल्या खळग्यात बसलेलं आणि प्रत्येक थरात एकेक ओळ कमी होत जाणारी.

मग खालून वर: ६ × ६ = ३६, ५ × ५ = २५, ४ × ४ = १६, ३ × ३ = ९, २ × २ = ४. बेरीज ९०. टोकाचं एक धरून ९१ लिहिलं असेल तर घाई झाली, ते गिऱ्हाइकाच्या हातात आहे! (तिकोनी ढीग समजून केलं तर ५५ येतात.) ज्यांना सूत्र येतं त्यांनी ६ × ७ × १३ ÷ ६ = ९१ करून त्यातलं एक वजा केलं तरी चालेल. गाडीवाल्या काकांनी संध्याकाळी ढीग उतरवताना आमच्यासमोर मोजून दाखवला, बरोब्बर नव्वद.

उत्तर ३: चारच फूट.

झाड उंच होतं ते शेंड्याकडून आणि फांद्यांच्या टोकांकडून, खालचं खोड रबरासारखं वर ताणलं जात नाही, ते फक्त जाड होतं, तेही सालीच्या आतल्या थरातून. म्हणून खिळा वर सरकत नाही. मग तो खाली गेल्यासारखा का दिसतो? कारण माणूस वाढला. पटत नसेल तर मागच्या भिंतीचे दगड मोजा, दोन्ही फोटोंत जमिनीपासून खिळ्यापर्यंत आठच थर आहेत. आणि नवीन फोटोत खिळ्याच्या डोक्याभोवती साल कशी फुगून आलीये बघा, अर्धा खिळा झाडाने पोटात घेतलाय. आमच्यात कोणाला हे आधी दिसलंच नव्हतं, फोटो मोबाइलवर झूम केल्यावर कळलं.

उत्तर ४: संध्याकाळ, शुक्ल पक्ष, द्वितीया किंवा तृतीया.

गुहागर कोकणात, म्हणजे समुद्र पश्चिमेला. चंद्र समुद्रावर आहे, म्हणजे तो पश्चिमेला आहे. आता कोर बारीक कधी दिसते? चंद्र आकाशात सूर्याच्या जवळ असतो तेव्हा, कारण तेव्हा त्याची उजेडाची बाजू जवळपास सगळी पलीकडे असते आणि आपल्याला नुसती कड दिसते. मग सूर्यही पश्चिमेलाच, क्षितिजाच्या जरा खाली, आणि उजेडाची बाजू समुद्राकडे असल्याने तेच पक्कं होतं. पश्चिमेला नुकताच बुडालेला सूर्य म्हणजे संध्याकाळ. पहाटे सूर्य पूर्वेला असतो, त्यामुळे पहाटे पश्चिमेच्या समुद्रावर पौर्णिमेच्या आसपासचा गोल चंद्र दिसेल, बारीक कोर कधीच दिसणार नाही.

सूर्यानंतर मावळणारा चंद्र म्हणजे अमावस्या होऊन गेलीये आणि कोर वाढतेय. शुक्ल पक्ष.

तिथीचा भाग मला सगळ्यात आवडला. लांब केलेल्या हाताची मूठ साधारण १० अंशांची असते. फोटोत दोन मुठी, म्हणजे चंद्र वीसेक अंशांवर, त्यात सूर्य क्षितिजाखाली गेलाय त्याचे पाचेक अंश मिळवा, दोघांतलं अंतर पंचवीसच्या आसपास. आणि आपली तिथी म्हणजे नेमकं हेच असतं, चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपते! ० ते १२ प्रतिपदा, १२ ते २४ द्वितीया, २४ ते ३६ तृतीया. मूठ काही फूटपट्टी नाही म्हणून दोन्ही उत्तरं बरोबर धरलीयेत. कॅलेंडरवर बघितलं तर त्या दिवशी तृतीया होती, आम्ही वर्गात ओरडलोच.

जोडकोडं: अशीच कोर मुंबईला गेटवे ऑफ इंडियाच्या मागे पाण्यावर दिसली तर? गेटवे मुंबईच्या पूर्वेच्या बाजूला आहे, तिथलं पाणी पूर्वेला. म्हणजे पहाट आणि वद्य पक्ष. मुंबई म्हटलं की पाण्यावर संध्याकाळच असं धरू नका, ते मरीन ड्राइव्हला खरं.

उत्तर ५: मे महिना, १४ तारखेच्या आसपास.

सावली नाही म्हणजे सूर्य अगदी डोक्यावर. सूर्य वर्षभरात कर्कवृत्त ते मकरवृत्त, म्हणजे २३.५ अंश उत्तर ते २३.५ अंश दक्षिण असा फिरतो. पुणं १८.५ अंश उत्तरेला, म्हणून तो पुण्याच्या बरोबर डोक्यावर वर्षातून दोनदा येतो, जाताना मेच्या मध्यात आणि परत येताना २९-३० जुलैला. (दिल्ली कर्कवृत्ताच्या वर आहे, तिथे हा दिवस येतच नाही.)

मग दोनातला कुठला? कुरडया! जुलैच्या शेवटी पुण्यात गच्चीत कोण कुरडया घालेल, आईने सांगितलं तसं एक सर आली की सगळ्या चिकाचं पाणी. पण त्यापेक्षा पक्का पुरावा घड्याळात आहे.

भारताची घड्याळं ८२.५ पूर्व रेखांशावर लावलेली आहेत. पुणं ७३.८५ वर, फरक ८.६५ अंश. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणजे पुण्याची खरी दुपार साधारण ३४-३५ मिनिटं उशिरा, १२:३४ च्या पुढे. पण सूर्यही रोज घड्याळाला धरून चालत नाही, मेच्या मध्यात तो जवळपास ४ मिनिटं पुढे असतो, जुलैअखेरीस ६ मिनिटं मागे. म्हणून मे मध्ये १२:३१ आणि जुलैत १२:४१. मोबाइलवर १२:३१. जुलै असता तर त्या वेळेला दोन फुटी पाइपची इंचभर सावली पश्चिमेला दिसली असती.

ज्यांना स्वतः करून बघायचंय त्यांच्यासाठी: कोल्हापूरला ६-७ मे, पुण्याला १४ मे, नागपूरला २६ मेच्या आसपास. पाइप ओळंब्याने सरळ करून घ्या, आणि कुरडयांवर पाय देऊ नका.