विषय: क्वालिटी कंट्रोल एक्झिक्युटिव्ह पदाची ऑफर मान्य असल्याबाबत

चिपळूण, ८ जुलै २०२६

मा. सावंत साहेब,
स. न.

आपले ६ जुलैचे ऑफर लेटर मिळाले. मिरजोळे एमआयडीसीतील आपल्या मासळी प्रक्रिया कारखान्यात काम करण्यास मी तयार आहे. सही केलेली प्रत सोबत जोडली आहे. फोनवर आपले सगळे बोलणे झालेच आहे, तरी ते लेखी असलेले बरे, म्हणून मला जे समजले ते खाली लिहिते.

पद: पत्राच्या पहिल्या पानावर ‘एक्झिक्युटिव्ह’ आहे, पण पगाराच्या तक्त्यावर ‘असिस्टंट’ छापले गेले आहे. मुलाखतीत एक्झिक्युटिव्ह असेच ठरले होते. कृपया तक्ता दुरुस्त करून पाठवावा.

पगार: महिना २८,००० रुपये ग्रॉस, त्यात मूळ वेतन १४,०००. माझा १२ टक्के पीएफ म्हणजे १,६८० आणि व्यवसाय कराचे २०० वजा जाता हातात २६,१२० येतील (फेब्रुवारीत कर ३०० असतो, त्यामुळे त्या महिन्यात शंभर कमी). कंपनीच्या वाट्याचा पीएफ या २८,००० च्या वर वेगळा, असे आपण फोनवर म्हणाला होतात. पत्रात मात्र ‘वार्षिक सीटीसी ३,३६,०००’ एवढेच आहे, आणि बारा महिन्यांचे ग्रॉसही तेवढेच होते. मग कंपनीचा वाटा यातूनच जाणार, असाही अर्थ निघू शकतो. तो वेगळा असल्याची एक ओळ उत्तरात लिहावी, ही विनंती.

रुजू होण्याची तारीख: सोमवार, ३ ऑगस्ट, सकाळी ९. सध्याच्या कंपनीत माझा शेवटचा दिवस ३१ जुलै आहे. मासेमारीबंदीही त्याच दिवशी संपते, त्यामुळे माल यायला लागेल तेव्हा मी लॅबमध्ये असेन.

कागदपत्रे: आधार, पॅन, पासबुकाची प्रत, यूएएन आणि मागच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या सोबत आहेत. रिलीव्हिंग लेटर हिशेब पूर्ण झाल्यावर, म्हणजे साधारण १४ ऑगस्टपर्यंत मिळेल. तोवर राजीनामा मंजूर झाल्याचा मेल चालेल का? शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून झालेल्या पदवीचे प्रोव्हिजनल सर्टिफिकेट जोडले आहे. मूळ प्रमाणपत्र दापोलीहून, विद्यापीठातून यायचे आहे, आले की लगेच देईन. वैद्यकीय तपासणीचा आणि टायफॉइडच्या लशीचा दाखला रुजू होतानाच आणते, त्याशिवाय प्रोसेसिंग हॉलमध्ये पाऊल टाकता येणार नाही याची कल्पना आहे.

आणखी एक. १४ सप्टेंबरला गणपती. घरचा दीड दिवसांचा असतो, तेव्हा १४ आणि १५ अशी दोन दिवस रजा लागेल. प्रोबेशनमध्ये पगारी रजा बसत नसेल तर बिनपगारी चालेल, पण आत्ताच सांगून ठेवते.

१३ जुलैपर्यंत दुरुस्त तक्ता आणि पीएफबद्दलचे उत्तर मिळाले तर बरे होईल.

आपली नम्र,
श्रद्धा कदम